बोटॉक्स : कपाळाचे कॅलेंडर वेगळे, जबड्याचे वेगळे



गेल्या वर्षभरात या पानाकडे आलेल्या प्रश्नांत एक नवा प्रश्न वारंवार दिसू लागला आहे. पूर्वी साखर, रक्तदाब, टीबी, मुलांचा अशक्तपणा असे प्रश्न असायचे. ते आजही आहेत. पण आता विहारात रविवारची वंदना झाल्यावर एखादी आई बाजूला घेऊन विचारते, "ताई, ते बोटॉक्स करावं का हो मुलीच्या लग्नाआधी?" आम्हाला हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. विचारणाऱ्या आईच्या हातात बचत गटाच्या कर्जाचे पैसे असतात, आणि मुलीच्या मनात 'फोटोत माझा जबडा रुंद दिसतो' हे कोणीतरी रुतवलेले असते.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बोटॉक्स करणे हा गुन्हा नाही आणि करणारी मुलगी उथळही नाही. आमची तक्रार विकणाऱ्यांच्या पद्धतीवर आहे. कपाळावरच्या आठ्या आणि जबडा बारीक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा परिणाम दिसायला लागणारा वेळ वेगळा, टिकण्याचा वेळ वेगळा आणि फसण्याची कारणेही वेगळी. तरीही दुकान दोन्ही एकाच 'ब्रायडल पॅकेज'मध्ये, एकाच दिवशी, लग्नाच्या तोंडावर विकते. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक निराशा या एका चुकीतून आलेल्या आहेत.

वस्तीतल्या एका घराची हकीकत सांगतो. नाव देत नाही, कारण मुलगी सासरी नांदते आहे. वय सव्वीस, मोबाईलच्या दुकानात नोकरी, आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. लग्न मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बौद्ध पद्धतीने, वस्तीच्याच मैदानात. एप्रिलच्या शेवटी, लग्नाला नऊ दिवस राहिले असताना, ती स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेली. तिथे तिला सांगितले गेले की कपाळ काचेसारखे गुळगुळीत होईल आणि चेहरा 'व्ही शेप' होईल. कपाळाचे नऊ हजार, जबड्याचे एकोणीस हजार, मिळून अठ्ठावीस हजार रुपये. पंधरा हजार बचत गटातून उचलले, उरलेले मुलीच्या पगारातून. बिलावर फक्त 'बोटॉक्स पॅकेज' एवढेच लिहिलेले. किती औषध दिले, कोणत्या कंपनीचे दिले, सुई कोणी दिली, यातले काहीही नाही.

लग्नाच्या दिवशी कपाळावर आठी नव्हती, हे खरे. पण भुवया खाली उतरल्या होत्या आणि डोळे बारीक, झोपाळलेले दिसत होते. जबडा होता तितकाच रुंद. पंगतीत मटण चावताना तिचे गाल दुखून आले. आठ दिवसांनी आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, पाणी टोचलं का हो तिला? आमचे पैसे बुडाले का?"

पाणी टोचले नव्हते. औषध खरेच असावे, कारण कपाळ थांबले होते आणि चावण्याचा जोर कमी झाला होता. मग बिघडले काय? हे समजायला औषध काय करते ते थोडे पाहावे लागेल.

बोटुलिनम टॉक्सिन हे एका जिवाणूचे विष आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत खराब झालेले सॉसेज खाऊन माणसे लुळी पडून मरत, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. लॅटिन भाषेत सॉसेजला 'बोटुलस' म्हणतात. हेच विष अगदी सूक्ष्म प्रमाणात औषध म्हणून वापरता येते, हे अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर उपचार करताना दाखवले, आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला डोळ्यांच्या आजारांसाठी मान्यता मिळाली. कॅनडातल्या कॅरुथर्स दाम्पत्याच्या लक्षात आले की पापण्या फडफडण्याच्या आजारावर ही सुई घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही जात आहेत. तिथून ते सौंदर्याच्या बाजारात आले. 'बोटॉक्स' हे खरे तर एका कंपनीच्या औषधाचे नाव आहे, पण आता सगळ्याच कंपन्यांच्या अशा औषधाला लोक बोटॉक्स म्हणतात.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत जातो आणि शेवटच्या टोकाला एक रसायन सुटते, तेव्हा स्नायू आकसतो. हे औषध ते रसायन सुटूच देत नाही. स्नायू जागेवर असतो, जिवंत असतो, पण त्याला हुकूम पोहोचत नाही. हळूहळू मज्जातंतूची टोके पुन्हा कामाला लागतात आणि स्नायू हलायला लागतो. म्हणून याचा परिणाम कायमचा कधीच नसतो. ज्या क्लिनिकने 'पर्मनंट' हा शब्द वापरला, तिथून उठून यावे. ही वस्तू विकत मिळत नाही, भाड्याने मिळते.

आता कपाळ. भुवया उंचावल्या की कपाळावर आडव्या रेषा पडतात, आणि रागाने पाहिले की दोन भुवयांच्या मध्ये उभ्या रेषा पडतात. दोन्ही रेषा स्नायूंच्या हालचालीने पडतात. त्या स्नायूंत सुई दिली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हालचाल कमी होते आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो. तो तीन ते चार महिने राहतो. तिसऱ्या महिन्यानंतर भुवया थोड्या हलू लागतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकांच्या आठ्या परत दिसतात. हे कपाळाचे कॅलेंडर.

जबड्याचे गणित निराळे आहे. गालाच्या मागच्या बाजूला, कानाच्या खाली, चावण्याचा जाड स्नायू असतो. डॉक्टर त्याला मॅसेटर म्हणतात. तो मोठा असला की चेहऱ्याचा खालचा भाग चौकोनी दिसतो. सुई दिल्यावर हा स्नायूही एक-दोन आठवड्यांत ढिला पडतो, पण ढिला पडणे म्हणजे बारीक होणे नव्हे. पाय मोडून प्लास्टर घातले तर पाय दुसऱ्या दिवशी बारीक होतो का? महिन्या-दीड महिन्याने प्लास्टर काढल्यावर तो वाळलेला दिसतो. जबड्याचेही तसेच. काम कमी झाल्याने स्नायू हळूहळू रोडावतो. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सगळ्यात बारीक जबडा दोन ते तीन महिन्यांनी दिसतो. चावण्याचा जोर परतला की स्नायू पुन्हा भरू लागतो, आणि साधारण सहा महिन्यांच्या आसपास जबडा पूर्वीच्या आकाराकडे निघालेला असतो.

आता हे आपल्या मुलीच्या तारखांवर ठेवून पाहा. सुई एप्रिलच्या शेवटी. लग्नात, नवव्या दिवशी, कपाळावरचा परिणाम जवळजवळ पूर्ण जोरात होता, म्हणून भुवईचा जडपणाही जोरात होता. जबड्याचा स्नायू नुकताच ढिला झाला होता, म्हणून मटण चावताना गाल दुखले, पण आकारात काडीचा फरक नव्हता. जूनमध्ये चेहरा खालून थोडा निमुळता दिसू लागला. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हा जबडा सर्वांत बारीक होता. तेव्हा फोटोचा अल्बम छापून घरी येऊन दोन आठवडे झाले होते. ऑगस्ट संपताना कपाळावर आठ्या परतल्या. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती माहेरी आली तेव्हा जबडाही भरत आला होता. औषधाने आपले काम चोख केले. ज्या दिवसासाठी पैसे दिले त्या दिवशी मात्र ते केले नाही, कारण तो दिवस कोणी विचारातच घेतला नाही.

ज्यांना लग्नासाठी हे करायचेच आहे त्यांनी जबड्याची सुई लग्नाच्या अडीच-तीन महिने आधी घ्यावी. म्हणजे मेमध्ये लग्न असेल तर फेब्रुवारीत. कपाळाची सुई चार ते सहा आठवडे आधी. दोन आठवड्यांनी परिणाम पूर्ण झाला की डॉक्टरांना दाखवायचे, काही वाकडे असेल तर तेव्हाच थोडी दुरुस्ती होते, आणि तिलाही बसायला वेळ मिळतो. दोन आठवड्यांच्या आत 'अजून थोडं टोचा' म्हणू नये, कारण पहिलेच पूर्ण उमटलेले नसते. आणि पहिल्यांदाच करत असाल तर लग्नासारखा दिवस हा प्रयोगाचा दिवस नव्हे.

आता भुवई का उतरली ते पाहू. याचे कारण जवळजवळ कोणीच सांगत नाही. भुवयांना वर ओढणारा एकच स्नायू आहे, तो म्हणजे कपाळाचा. तोच थांबवला की भुवई वर धरणारे कोणी उरत नाही. ज्यांच्या भुवया मुळातच खाली असतात किंवा पापण्या जड असतात, ती माणसे नकळत दिवसभर कपाळ उचलून पाहत असतात. त्यांच्या आठ्या म्हणजे डोळे उघडे ठेवण्याचा टेकू असतो. टेकू काढला की छत खाली येते. हे घरी तपासता येते. आरशासमोर बसा, डोळे मिटा, कपाळ सैल सोडा, आणि मग कपाळाकडे लक्ष ठेवून डोळे उघडा. डोळे उघडताना कपाळावर आठ्या पडत असतील तर त्या माणसाने कपाळाची सुई फार जपून घ्यावी. चांगला डॉक्टर अशा वेळी औषध कमी देतो, भुवईपासून वर देतो, किंवा चक्क नको म्हणतो. आमच्या मुलीकडून ही तपासणी नंतर करून घेतली. डोळे उघडताच कपाळावर तीन आठ्या उमटल्या.

भुवई उतरली तर उतारा काय? परत उलटवणारे औषध नाही. वाट पाहायची, काही आठवड्यांत हळूहळू हलके होत जाते. वरची पापणीच खाली आली असेल तर डॉक्टर डोळ्यात घालायचे थेंब देऊ शकतात, त्याने तात्पुरती थोडी उचलते. भुवईला ते थेंब उपयोगी नाहीत. कधी उलटेही होते. मधला भाग थांबतो आणि भुवईचे बाहेरचे टोक वर उडते, चेहरा सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. ते मात्र दोन आठवड्यांच्या तपासणीत एक-दोन थेंबांनी सुधारता येते. म्हणून ती तपासणी पॅकेजमध्ये आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायचे.

कपाळाची दुसरी निराशा आपल्या लोकांत जास्त दिसते. आयुष्यभर उन्हात काम केलेल्या माणसाच्या कपाळावरच्या रेषा चेहरा शांत असतानाही दिसतात. त्या कातडीत कोरल्या गेलेल्या असतात. स्नायू थांबवून त्या पुसट होतात, जात नाहीत. भाजीची गाडी लावणारे आमचे एक काका, वय पंचावन्न, मुलाच्या आग्रहाने हे करून आले आणि म्हणाले, "आठ हजारांत माझ्या कपाळावरची बारकी अक्षरं गेली, मोठी तशीच आहेत." आम्हाला याहून नेमके वर्णन सापडलेले नाही.

जबड्याच्या बाबतीत सुई घेण्याआधीचा प्रश्न असा, की चेहरा रुंद कशामुळे आहे? स्नायूमुळे, हाडामुळे, की चरबीमुळे? हे औषध फक्त स्नायूवर चालते. हाडाला ते काही करत नाही, चरबीलाही नाही. हेही घरी कळते. दोन्ही हातांची बोटे जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाच्या पाळीच्या खाली ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली टणक गोळा उठून आला तर स्नायू मोठा आहे. दात आवळूनही फार काही उठले नाही आणि खाली हाडच लागते, किंवा मऊ मांसल भाग चिमटीत येतो, तर तिथे एकोणीस हजारच काय, एकोणीस रुपयेही घालू नयेत.

स्नायू मोठा का झाला, हेही विचारले पाहिजे. सतत सुपारी किंवा मावा चघळणाऱ्यांचा हा स्नायू व्यायाम केल्यासारखा वाढतो. सुपारी चालू ठेवून सुई घेणे म्हणजे एका हाताने माती उपसायची आणि दुसऱ्याने लोटायची. शिवाय सुपारीवाल्याचे तोंड पूर्ण उघडते का, हे आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. तोंड कमी उघडणे हा कॅन्सरआधीचा इशारा असू शकतो, आणि त्यापुढे जबड्याच्या आकाराचा प्रश्न क्षुल्लक आहे. दुसरे कारण म्हणजे झोपेत दात खाणे. आणि एकाच बाजूचा जबडा वाढलेला असेल, गाठ लागत असेल, दुखत असेल, तर ते सौंदर्याचे काम नाही. तो लाळेच्या ग्रंथीचा किंवा दाढेचा आजार असू शकतो. आधी सरकारी दवाखाना, मग बाकी सगळे.

जबड्याची सुई बरोबर बसली तरी काही त्रास होऊ शकतात. पहिले काही आठवडे ज्वारीची भाकरी, मटण, भाजलेले सुकट असे चिवट खाणे थकवते. दाढा पडलेल्या माणसाला हे जास्त जाणवते. कधी स्नायूचा एक भाग थांबतो आणि दुसरा चालू राहतो, मग घास चावताना गालावर फुगा येतो. घाबरायचे नाही, पण दाखवायचे. योग्य जागी थोडे औषध देऊन तो बसवता येतो. सुई फार पुढे दिली गेली तर हसण्याच्या स्नायूला लागते आणि हसू वाकडे होते. त्याला वाट पाहण्याखेरीज इलाज नाही. आणि चाळिशीपुढच्या माणसाला एक वेगळीच निराशा येते. आतला स्नायू रोडावला की वरची कातडी सैल पडते आणि गाल लोंबल्यासारखे दिसतात. चौकोनी चेहरा गेला आणि म्हातारा चेहरा आला, असे एका ताईंनी आम्हाला सांगितले. तरुण कातडी आकसून घेते, उतरत्या वयाची घेत नाही.

आता पैशाचा हिशेब. पॅकेजवाला एकदाचा आकडा सांगतो. तुम्ही वर्षाचा काढा. त्या मुलीच्या दराने कपाळ वर्षभर गुळगुळीत ठेवायचे तर तीन वेळा, म्हणजे सत्तावीस हजार. जबडा दोन वेळा, म्हणजे अडतीस हजार. एकूण पासष्ट हजार रुपये, दरवर्षी. थांबवले तर चेहरा आधीपेक्षा वाईट होत नाही, ही भीती खोटी आहे. तो जिथे होता तिथे येतो. पण बारीक जबड्याची सवय झालेल्या डोळ्याला जुना जबडा आधीपेक्षा रुंद वाटतो, आणि तिथेच दुसरे पॅकेज खपते.

दीड महिन्यातच उतरले, अशीही तक्रार येते. याचे कारण बहुतेक वेळा औषधाच्या मात्रेत असते. हे औषध बाटलीत कोरड्या पुडीसारखे येते, फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि वापरताना त्यात सलाईन मिसळतात. मात्रा 'युनिट'मध्ये मोजतात. चांगल्या माहितीच्या औषधात भुवयांमध्ये वीस युनिट ही नेहमीची मात्रा, आणि जबड्याला दर बाजूला साधारण वीस ते तीस. सलाईन जास्त घातले की तेवढ्याच सुईत युनिट कमी जातात. सुई भरलेली दिसते, औषध पातळ असते. म्हणून 'किती सुया टोचल्या' हे विचारण्यात अर्थ नाही, 'किती युनिट' हे विचारावे. यातही एक खाच आहे. सगळ्या कंपन्यांचे युनिट सारखे नसतात. एका कंपनीचे पन्नास म्हणजे दुसरीचे पन्नास नव्हे. कंपनीचे नाव, युनिट, बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बिलावर लिहून मागा, बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. जो लिहून देत नाही त्याच्याकडे घेऊ नका. आमच्या मुलीच्या बिलावर यातले काही असते तर भुवईचे काय झाले हे दुसऱ्या डॉक्टरला पाच मिनिटांत सांगता आले असते.

सुई कोण देते हा प्रश्न तर सर्वांत आधीचा. हे डॉक्टरच्या चिठ्ठीचे औषध आहे. पार्लरवाली ताई कितीही ओळखीची असो, सुई देण्याचा तिला अधिकार नाही. पांढरा कोट म्हणजे डॉक्टर नव्हे. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असेल तर मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. आपण रेशनच्या दुकानात वजनकाटा पाहतो, इथे क्रमांक पाहायला काय हरकत आहे? जाता जाता, पार्लरमध्ये 'हेअर बोटॉक्स' म्हणून जे मिळते त्यात हे औषध नसतेच. ते केसांवर लावायचे लेपन आहे, फक्त नाव उसने घेतलेले.

गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ही सुई घेऊ नये. स्नायू दुबळे होण्याचा मायस्थेनियासारखा आजार असणाऱ्यांनी अजिबात नाही. आणि सुई घेतल्यानंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांतसुद्धा गिळायला त्रास, आवाज बसणे किंवा जड बोलणे, श्वास लागणे, एकाचे दोन दिसणे यातले काही झाले तर क्लिनिकच्या फोनची वाट न पाहता मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि 'बोटुलिनमची सुई घेतली आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे. असे क्वचित होते. पण बनावट औषध आणि अडाणी हात एकत्र आले की क्वचितचे नेहमीचे होऊ शकते.

एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. हेच औषध सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या पोटरीत देतात. ज्याची टाच जमिनीला टेकत नाही, तो त्या सुईनंतर काही महिने टाच टेकू शकतो आणि त्या काळात त्याच्याकडून व्यायाम करून घेता येतो. लकवा झालेल्या माणसाची आवळलेली मूठ त्याने सैल होते. तिथेही परिणाम तीन-चार महिन्यांचाच, पण तिथला डॉक्टर हे पहिल्याच भेटीत सांगतो आणि त्या महिन्यांत काय करायचे ते ठरवून देतो. आपल्या वस्तीत अशी मुले आहेत आणि त्यांच्या आयांना या उपयोगाची माहितीच नाही, जबड्याच्या उपयोगाची मात्र आहे. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग किंवा अस्थिरोग विभागात हे जरूर विचारावे.

आणि मुलींच्या आयांना एक विचारायचे आहे. निमुळता जबडा सुंदर, हे ठरवले कोणी? जबडा बारीक करण्याची ही लाट दक्षिण कोरियासारख्या देशांतून पडद्यावरून आपल्याकडे आली. त्याआधी रंगाची लाट होती, आणि ती कुठून आली हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्थळ पाहायला आलेल्यांनी 'मुलगी चांगली आहे, पण चेहरा जरा थोराड आहे' म्हटले, तेव्हा त्या घरात कोणी उलट बोलले नाही, असे त्या मुलीनेच आम्हाला सांगितले. सुईची सुरुवात स्टेशनजवळच्या क्लिनिकमध्ये झाली नव्हती, त्या चहाच्या कपाजवळ झाली होती.

ऑक्टोबरमध्ये माहेरी आल्यावर आम्ही तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दाढा पाहून सांगितले की ती झोपेत दात खाते. दाढांचे वरचे उंचवटे घासून सपाट झालेले होते. नवऱ्यालाही रात्री कर्रकर्र आवाज येत होता, पण तो बोलला नव्हता. स्नायू मोठा होण्याचे तेच मुख्य कारण असावे, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी रात्री दातांवर घालायची प्लास्टिकची पट्टी बनवून दिली. तिने स्नायू लहान होतो असे नाही, पण दाढा वाचतात आणि सकाळची डोकेदुखी कमी झाली आहे. दात खाणाऱ्यांना कधी कधी जबड्यात हीच सुई दुखण्यासाठीही देतात, हेही त्यांनी सांगितले, आणि तिने लगेच विचारले, "मग आता परत घेऊ का?"

डॉक्टरांनी तिला एकच उलट प्रश्न विचारला, बाळाचा काही विचार आहे का. ती हसली. मग ते म्हणाले, सध्या नको. पट्टी वापर, सहा महिन्यांनी दाखव. कपाळाचे तिनेच सोडून दिले आहे. बचत गटाचा शेवटचा हप्ता जानेवारीत आहे, आणि तो ती स्वतःच्या पगारातून आईला पाठवते.